सहकारमंत्र्यांना खुले पत्र: भाडेकरू जाताना 'बाकी नाही' कोण लिहून देणार?

मा. सहकारमंत्री साहेब,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत हद्दीतला घरमालक. आमची २४ घरांची गृहनिर्माण सोसायटी आहे. भाडेकरू बहुतेक बदलीवाले, कोणी मास्तर, कोणी बँकेतलं.

सोसायटीनं यंदा भाडेकरू नोंदणीचे नियम केले. घर देण्याआधी आठ दिवस कळवायचं, नोंदवलेल्या भाडेकराराची प्रत, पोलिसांकडं दिलेल्या माहितीची पोच, घरात राहणाऱ्यांची नावं आणि गाडीचा नंबर द्यायचा. माझी याला हरकत नाही. ग्रामपंचायत हद्दीत करारनोंदणीची फी ५०० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळं. तेवढं परवडतं. बिनभोगवटा शुल्कही २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांतच घेतात.

गाडं अडते ते भाडेकरू जाताना. शेवटचा नियम म्हणतो, बाकी नसल्याचा दाखला घेऊनच घर सोडावं. तो किती दिवसांत द्यायचा आणि त्यात काय लिहायचं, यावर एक ओळ नाही.

माझा भाडेकरू, नांदेडकडचा बँकेतला मुलगा, बदली होऊन ३१ मे रोजी निघाला. टेम्पो दारात उभा, कूलर सगळ्यात वर बांधलेला. सचिवांकडं गेलो तर म्हणाले, "भाऊ, टँकरचा हिसाब जूनच्या मिटिंगीत लागते. आता कसं लिहून देऊ?" मे महिन्यात बोअर आटली होती. ८०० रुपयांचे १८ टँकर आले, म्हणजे १४,४०० रुपये, घरटी ६००. हे आकडे त्याच दिवशी त्यांच्या वहीत होते, पण वाटणी मिटिंगशिवाय नाही.

विजेचंही तसंच. मीटरचं रीडिंग दर महिन्याच्या १२ तारखेला होतं. १२ मेला ४,३१० होतं, जायच्या दिवशी ४,४८२. हे १७२ युनिट त्याचे, पण बिल येणार जूनमध्ये, माझ्या नावावर.

शेवटी १५,००० च्या डिपॉझिटमधले ३,००० अंदाजानं ठेवून घेतले. त्याला वाटलं मी पैसे दाबतो. बरोबरच आहे, माझ्याकडं दाखवायला कागद कुठं होता? आणि पूर्ण डिपॉझिट दिलं असतं तर ते ६०० माझ्याच अंगावर. सोसायटी वसुली सभासदाकडून करते, ती भाडेकरूच्या मागं जात नाही.

म्हणून विनंती अशी की उपविधींत निघण्याच्या दाखल्याचा एक पानी नमुना घाला. त्यात घर सोडल्याची तारीख, त्या दिवशीचं मीटर रीडिंग आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या टँकरांचा घरटी वाटा असावा. आठ दिवस आधी अर्ज दिला तर जायच्या दिवशी सचिवांची सही मिळालीच पाहिजे, आणि त्या तारखेआधीचा खर्च मागाहून त्या घरावर लावता येऊ नये. विजेचं बिल सोसायटीच्या हातात नाही, ते रीडिंगवरून आम्ही मालक-भाडेकरू आपसात मिटवू.

त्या मुलाचे उरलेले पैसे मी जूनची मिटिंग झाल्यावर पाठवले. फोन मात्र त्यानं उचलला नाही.

आपला,
एक घरमालक सभासद