तिकीट बंद झाले, बग ७ व्या व्हर्जनमध्ये तसाच: तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

विषय: दुबार बिल क्रमांकाची दुरुस्ती (तिकीट BILL-4127) ७ व्या व्हर्जनपर्यंत न पोचल्याबाबत

महोदय,

आमचे फोंड्याला विजेच्या सामानाचे घाऊक दुकान आहे आणि म्हापशाला शाखा आहे. फोंड्यात आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरचे ७ वे व्हर्जन चालते, म्हापशात ८ वे. सर्व्हर बदलल्याशिवाय फोंड्यात ९ वे बसत नाही. ते आपल्या माणसांनीच पाहून सांगितले होते आणि म्हणूनच देखभाल करारात आपण लिहून दिले की ७ व्या व्हर्जनला ३१ मार्च २०२७ पर्यंत गंभीर दोषांच्या दुरुस्त्या मिळत राहतील. आम्ही त्या कराराचे पैसे वेळेवर भरले आहेत.

गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात शिरोडा, सावर्डे, साखळी, वाळपई इथले दुकानदार दिव्यांच्या माळा, वायर, होल्डर न्यायला एकाच वेळी येतात आणि आमचे तिन्ही काउंटर एकदम चालतात. त्या गर्दीत दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या बिलांवर एकच क्रमांक छापला गेला. एरवी वर्षभर असे होत नाही, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षातही आले नाही. कारण आता आपल्यालाही ठाऊक आहे. प्रोग्राम शेवटचा बिल क्रमांक वाचतो, त्यात एक मिळवतो आणि बिल सेव्ह करतो. दोन काउंटरवर एकाच क्षणी सेव्ह केले तर दोघांनाही शेवटचा क्रमांक २३१८ दिसतो आणि दोघेही २३१९ लिहितात. डेटाबेसने इथे हरकत घ्यायला हवी, पण ७ व्या व्हर्जनमध्ये बिल क्रमांकाच्या जोडीने काउंटरचा क्रमांकही किल्लीत धरलेला आहे, म्हणून डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी बिले ठरतात.

जीएसटीच्या लेखी मात्र तो एकच क्रमांक आहे. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधील नियम ४६ सांगतो की बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे. जीएसटीआर-१ भरताना पोर्टल दुसरे बिल घेत नाही. ११ तारखेच्या आत ते गेले नाही तर आमच्या गिऱ्हाइकाच्या त्या महिन्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये बिल दिसत नाही आणि त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट अडकते. चूक सॉफ्टवेअरची असली तरी वाळपईचा दुकानदार फोन आम्हाला करतो, आणि त्याचे पैसे अडकलेले असताना त्याला काय सांगावे हे कळत नाही.

आम्ही तिकीट नोंदवले, सोबत पुरावाही दिला. हीच क्वेरी आपल्या कुठल्याही ग्राहकाच्या डेटाबेसवर चालवली तर बग तिथे पोचला आहे की नाही हे लगेच कळते:

```
SELECT bill_no, COUNT(*) FROM bills
WHERE fin_year = '2025-26'
GROUP BY bill_no HAVING COUNT(*) > 1;
```

आपल्या टीमने बग मान्य केला, दुरुस्त केला आणि तिकीट बंद केले. आम्हाला मेल आला: समस्या सोडवली. दुरुस्ती कुठल्या व्हर्जनमध्ये, या रकान्यात फक्त ९.२ होते. आम्ही ७ वे वापरतो हे आमच्या मूळ तक्रारीच्या पहिल्याच ओळीत होते.

मग ७.७ आले. आम्ही ते बसवले आणि पुढच्या गर्दीत पुन्हा दुबार क्रमांक निघाले. आम्ही नवे तिकीट नोंदवले. पुन्हा लॉग मागवले गेले, स्क्रीनचे फोटो मागवले गेले, आणि शेवटी ते तिकीट ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद झाले. कशाचे डुप्लिकेट? BILL-4127 चे, जे आधीच ‘दुरुस्त’ म्हणून बंद आहे. माझी सगळ्यात मोठी तक्रार या एका क्लिकबद्दल आहे. ७ व्या व्हर्जनमधले काम शिल्लक असल्याची आपल्याकडे असलेली एकमेव नोंद त्या क्लिकने पुसली गेली. डुप्लिकेटचा अर्थ इथे वेगळे काही करायचे उरलेले नाही, असा होतो. इथे तर सगळेच करायचे उरले होते.

मी या दुकानाचे हिशेब आणि संगणक सांभाळतो, पण त्याआधी पर्वरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रिलीजचे काम पाहत होतो. म्हणून आत काय झाले असेल याचा अंदाज होता, आणि आपल्या सपोर्ट इंजिनियर बाईंनी मोकळेपणाने सांगितल्यावर तो खरा ठरला. ९ व्या व्हर्जनमध्ये बिल क्रमांकासाठी वेगळे टेबल आहे आणि दुरुस्ती त्या टेबलावर बेतलेली आहे. ८ व्या व्हर्जनमध्येही ते टेबल असल्याने तोच कमिट चेरी-पिक करून ८.५ मध्ये घालता आला. ७ व्या व्हर्जनमध्ये ते टेबलच नाही, तिथे शेवटचा क्रमांक सेटिंगच्या टेबलात एका ओळीत ठेवलेला आहे. त्यामुळे चेरी-पिक करताना कॉन्फ्लिक्ट आला, ज्याने प्रयत्न केला त्याने तो सोडून दिला, आणि ७ साठी वेगळे तिकीट नसल्याने हे काम अर्धवट राहिले आहे हे कुणालाच दिसले नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. सोडून दिलेले काम नोंदवायला त्याला जागाच नव्हती.

अशा वेळी BILL-4127 हे मूळ तिकीट ठेवून त्याला जोडलेले एकेक तिकीट ७, ८ आणि ९ साठी उघडायला हवे होते. प्रत्येकाची स्थिती वेगळी, कुठल्या रिलीजमध्ये जाणार तो रकाना वेगळा, तपासणारा माणूस वेगळा. तिन्हींचा निकाल लागेपर्यंत मूळ तिकीट बंद होत नाही. मी काही नवीन सांगत नाही. उबुंटूच्या बग ट्रॅकरमध्ये बगचा क्रमांक एकच राहतो आणि त्याच्याखाली प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र ओळ असते, त्यामुळे एका आवृत्तीत दुरुस्ती पोचली आणि दुसरीत बाकी आहे हे एका नजरेत दिसते. आपल्या तिकिटात असा एकच रकाना आहे आणि त्यात ९.२ लिहिल्यावर बाकीची व्हर्जन दिसेनाशी झाली.

७ साठी नुसते जोडतिकीट उघडूनही भागणार नाही, कारण तिथली दुरुस्ती वेगळी लिहावी लागेल. सेव्ह करण्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच सेटिंगच्या टेबलातली ती एक ओळ लॉक करायची, तिच्यातून क्रमांक घ्यायचा, वाढवायचा आणि मग कमिट करायचे. बदल लहान आहे. पण ९.२ मध्ये झालेली चाचणी त्याला लागू होत नाही. ती ७ वरच, दोन काउंटरवरून एकाच वेळी बिले सेव्ह करून घेतली पाहिजे.

आता म्हापशाचे सांगतो. तिथे ८.५ बसवल्यावर दुबार क्रमांक थांबले, पण काउंटर अडकू लागले. एका काउंटरवर बिल अर्धे टाकून माणूस माल आणायला गोदामात गेला की दुसऱ्या काउंटरवर बिलच उघडत नाही. ९.२ मधल्या दुरुस्तीत क्रमांकाचे लॉक बिल उघडतानाच घेतले जात होते. ही चूक आपल्या लक्षात आली आणि ९.३ मध्ये ते लॉक सेव्हच्या क्षणावर नेले. त्याचे तिकीट BILL-4260. हे तिकीट BILL-4127 ला कुठेही जोडलेले नाही, म्हणून ८ व्या व्हर्जनला पहिली दुरुस्ती मिळाली आणि त्या दुरुस्तीची दुरुस्ती मिळाली नाही. लिनक्स कर्नलमध्ये अशा कमिटच्या संदेशात `Fixes:` अशी ओळ लिहून आधीच्या सदोष कमिटचा क्रमांक देतात. जुन्या व्हर्जन सांभाळणाऱ्याला त्यावरून कळते की पहिला कमिट आपण घेतला असेल तर हाही घ्यायला हवा. आपल्याकडे तिकिटांमध्ये एवढा एक दुवा असता तर म्हापशाची माणसे गिऱ्हाइकासमोर ताटकळत बसली नसती.

याच चौकशीत मला आधी सांगण्यात आले की ८.५ मध्ये ती दुरुस्ती नाहीच. आपल्या माणसाने मूळ कमिटचा क्रमांक घेऊन टॅग शोधले होते. चेरी-पिक केलेल्या कमिटला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे जुन्या क्रमांकाने शोधले तर ८.५ सापडणारच नाही. कमिटच्या संदेशात तिकिटाचा क्रमांक लिहिण्याची आणि चेरी-पिक करताना `-x` लावण्याची शिस्त असेल, तर शोध असा होतो:

```
git log --all --oneline --grep="BILL-4127"
git tag --contains <सापडलेला कमिट>
```

पहिल्या ओळीत सगळ्या ब्रँचमधले त्या तिकिटाचे कमिट दिसतात, आणि दुसरी ओळ प्रत्येकासाठी चालवली की तो कुठल्या रिलीजमध्ये गेला ते कळते. दुसरी पायरी टाळू नये. कमिट ब्रँचमध्ये आला तरी रिलीजचा टॅग त्याआधीच लागलेला असू शकतो, आणि आमच्या संगणकावर टॅग लागलेले सॉफ्टवेअरच येते.

प्रत्येक दुरुस्ती जुन्या व्हर्जनमध्ये गेलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. कधी जुन्या कोडला हात लावण्यातला धोका बगपेक्षा मोठा असतो हे मी पाहिले आहे. तसे असेल तर ७ च्या जोडतिकिटावर ‘दुरुस्त करणार नाही’ असे कारणासह लिहा आणि आम्हाला कळवा, म्हणजे सर्व्हरसाठी पैसे उभे करायचे की नाही हे आम्हाला ठरवता येईल. बिल क्रमांकाच्या बाबतीत मात्र करार पाहता तो मार्ग आपल्याला मोकळा नाही. आपण सुचवलेला तात्पुरता उपाय, म्हणजे प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका, कायद्यात बसतो, कारण नियम ४६ एकापेक्षा जास्त मालिका चालू देतो. पण ७ व्या व्हर्जनमध्ये एका दुकानाला एकच मालिका देता येते. म्हणून आज फोंड्यात तिन्ही काउंटरची बिले एकाच संगणकावरून सेव्ह होतात आणि माणसे रांगेत उभी राहतात.

आमच्या मागण्या अशा. डुप्लिकेट म्हणून बंद केलेले आमचे दुसरे तिकीट पुन्हा उघडून ते BILL-4127 चे ७ व्या व्हर्जनसाठीचे जोडतिकीट करावे आणि त्यावर कुठल्या रिलीजमध्ये दुरुस्ती येणार ते लिहावे. BILL-4260 मूळ तिकिटाला जोडून ८ व्या व्हर्जनसाठी त्याचेही जोडतिकीट उघडावे. ७ व्या व्हर्जनमध्ये दुरुस्ती करताना थेट ९.३ ची पद्धत घ्यावी, ९.२ ची नव्हे, नाहीतर म्हापशाची अडचण फोंड्यात येईल. आणि ही तिकिटे बंद होताना येणाऱ्या मेलमध्ये आम्ही वापरतो त्या व्हर्जनचा क्रमांक असावा.

सोबत दोन्ही तिकिटांच्या प्रती, वरील क्वेरीचा निकाल आणि देखभाल कराराचे संबंधित पान जोडले आहे. दुरुस्त केलेले ७ वे व्हर्जन तपासायला आमचा जुना संगणक आणि डेटाबेसची प्रत तयार ठेवली आहे. चवथीच्या गर्दीआधी ते आमच्या हातात पडावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
हिशेब व संगणक विभाग,
विद्युत साहित्याचे घाऊक विक्रेते,
फोंडा, गोवा