सुई डायपरच्या घडीत राहते तेव्हा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई पक्षाघातानंतर चौदा महिने अंथरुणाला खिळून होत्या. रुग्णालयातून घरी आणताना औषधांच्या वेळा, कूस कधी बदलायची, नळीतून काय आणि किती द्यायचे, हे सारे आम्हाला लिहून मिळाले होते. परंतु रोज निघणारे चार-पाच डायपर, माकडहाडावरच्या जखमेच्या ओल्या पट्ट्या आणि इन्सुलिनच्या सुया टाकायच्या कशा, याबद्दल त्या कागदांत एक ओळही नव्हती. साहजिकच बहुतेक घरांत होते तेच आमच्याकडेही झाले. सगळे एका काळ्या पिशवीत कोंबायचे आणि गाठ मारून दाराबाहेर ठेवायचे.

तिसऱ्या आठवड्यात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या तळव्यात सुई घुसली. रात्रीचे इंजेक्शन दिल्यावर मी सिरिंज क्षणभर गादीवर ठेवली होती आणि ती तशीच डायपरच्या घडीत गेली. आम्ही त्यांचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतला, जखम पिळून रक्त काढले नाही आणि त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेले. सासूबाईंच्या हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या रुग्णालयातच झालेल्या होत्या व त्यांत दोष नव्हता, म्हणून त्या वेळी निभावले. तसे नसते तर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, सुरू करावी लागली असती. चूक माझी आणि टांगणीला लागलेला जीव त्यांचा, ही गोष्ट मला अजूनही सलते.

त्या दिवसापासून आम्ही वर्गवारी केराच्या बादलीपाशी न करता खाटेपाशीच करू लागलो. फिरकीच्या झाकणाची, जाड प्लास्टिकची रिकामी बाटली इंजेक्शन देण्यापूर्वीच हाताशी उघडून ठेवायची आणि सुई टोचून बाहेर आली की सिरिंजसकट थेट तिच्यात सोडायची. सुईवर टोपण परत बसवायचे नाही, कारण आपलेच बोट टोचण्याचा प्रसंग नेमका तेव्हा येतो. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली या कामाची नाही. दाबली की सुई आरपार येते. बाटली तीनचतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, ‘सुया’ असे ठळक लिहायचे आणि ती केरात न टाकता, आधी विचारून, सुया स्वीकारणाऱ्या रुग्णालयात किंवा दवाखान्यात द्यायची.

जखमेच्या पट्टीसाठी एका परिचारिकेने दाखवलेली युक्ती फार उपयोगी पडली. हातमोजा घातलेल्या हाताने जुनी पट्टी काढायची, ती मुठीत धरूनच मोजा मनगटाकडून उलटा ओढायचा, म्हणजे पू लागलेले कापड मोज्याच्या आतच बंद होते. पट्टी मोठी असेल तर ती आधी छोट्या पिशवीत टाकावी लागते. मोजा काढल्यावरही हात धुवायचेच, आणि नव्या पट्टीसाठी नवे मोजे घ्यायचे.

डायपरमध्ये घट्ट मल असेल तर तो आधी शौचकूपात टाकावा. मग मळलेली बाजू आत ठेवून डायपर घट्ट गुंडाळावा आणि त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करावा. डायपर मात्र शौचकूपात कधीही सोडू नये: त्यातले जेलचे कण पाणी शोषून आणखी फुगतात आणि नळ तुंबतो. जाळणेही चुकीचे, ओले जेल धड पेटत नाही आणि प्लास्टिकचा धूर घरभर होतो. भरलेले डायपर इतके जड असतात की एकेरी पिशवी उचलतानाच फाटते, म्हणून पिशवीत पिशवी घालून ती तीनचतुर्थांशच भरावी. जागा करण्यासाठी वरून दाबू नये, आतली हवा थेट तोंडावर येते. अशी पिशवी इतर केरात न मिसळता, वर खूण करून वेगळी द्यावी, म्हणजे नेणाऱ्याला ती उघडून पाहावी लागत नाही.

जंतुनाशकाचा अतिउत्साहही नडतो. एकदा वास जावा म्हणून मी लघवीच्या भांड्यात ब्लीच ओतले आणि डोळे चुरचुरून, खोकला येऊन खोलीबाहेर पळाले. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. भांडे आधी शौचकूपात रिकामे करावे, पाण्याने खळखळून धुवावे आणि मगच सौम्य केलेले ब्लीच वापरावे.

रुग्णालये घरी पाठवताना जो कागद देतात त्याची मागची बाजू बहुधा कोरीच असते. एवढा मजकूर तिथे सहज मावेल. तो छापावा आणि रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने सुयांची बाटली, पट्टी व मोजा हे एकदा नातेवाइकांकडून करून घ्यावे, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करीत आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक