सिंकिंग फंड ताळेबंदात आहे, बँकेत नाही

प्रति,
मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

नागपुरातल्या आमच्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीची वार्षिक सभा नुकतीच झाली. ऑडिट रिपोर्ट सोप्या भाषेत सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिथे जे बोललो, ते आधी वाचावं ही विनंती.

"मंडळी, रिपोर्ट बराच मोठा आहे, पण चिंतेची बाब एकच. उपविधीप्रमाणे प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात जायला हवी. आपला खर्च फ्लॅटमागे 10 लाख, म्हणजे वर्षाला अडीच हजार. चाळीस फ्लॅटचे एक लाख, बारा वर्षांचे बारा लाख. ताळेबंदात देणी बाजूला बारा लाख बरोबर दिसतात. आता त्याच पानावर गुंतवणूक बघा. मुदत ठेव साडेचार लाखांची. व्याज तर मी धरलंच नाही."

मागून एक काकू म्हणाल्या, "मग बाकीचे साडेसात लाख गेले कुठं ना भाऊ?"

"दोन लाख दहा हजार आपल्यातल्याच काहींकडे थकलेत. उरलेले पाच लाख चाळीस हजार चौकीदाराचा पगार, लिफ्टची दुरुस्ती, विजेचं बिल यात गेले. कोणी खिशात घातले असं ऑडिटर म्हणत नाहीत. मासिक वर्गणी कमी ठेवून आपण सगळ्यांनीच हा फंड खाल्ला. हा पैसा इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा. त्याला हात लावायचा तर आर्किटेक्टचा दाखला आणि आमसभेचा ठराव लागतो. आपल्याकडे दोन्ही नाहीत. आणि उन्हानं तडकलेल्या गच्चीचं काम तर यंदाच करायचं आहे."

सभेत गडबड झाली, ती व्हायलाच हवी होती. वर्गणी वाढवायचा ठरावही झाला, कुरकुरत का होईना.

पण महोदय, हाच शेरा मागच्या रिपोर्टमध्येही होता. कलम 82 प्रमाणे ऑडिट अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल निबंधकांकडे द्यायचा असतो. आमच्या समितीने तो दिलाही होता. शेऱ्यासमोर लिहिलं होतं, "नोंद घेतली, यापुढे दक्षता घेऊ." दक्षता घेऊन बँकेत एक रुपयाही वाढत नाही.

म्हणून मागणी छोटीच आहे. सिंकिंग फंडाचा शेरा असेल तर दोषदुरुस्ती अहवालासोबत संस्थेच्या नावाच्या ठेवपावत्यांच्या प्रती सक्तीच्या करा. तूट असेल तर ती किती हप्त्यांत भरणार, हे सांगणारा आमसभेचा ठराव जोडायला लावा. हे दोन कागद नसतील, तर अहवाल दाखल करून घेऊ नका, परत पाठवा.

आपला,
एक सभासद, नागपूर