एकाच माणसाचं कारण, त्याच माणसाचा परिणाम

प्रिय मित्रा,

तुझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण वाचलं. आकडेमोड नीट आहे, पण एका वाक्यावर अडलो: ‘हार्मनच्या चाचणीत पहिला घटक ३८ टक्के व्हेरियन्स समजावतो, तो ५० टक्क्यांहून कमी असल्याने कॉमन मेथड बायस नाही.’ हे वाक्य काढून टाक. व्हायवात कुणी जाणकार बसला असेल तर पहिला प्रश्न यावरच येईल.

कॉमन मेथड बायस म्हणजे कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच पद्धतीने मोजल्यामुळे त्यांच्या नात्यात शिरणारी चूक. तू काय केलंस ते बघ. एकाच कर्मचाऱ्याने एकाच बैठकीत, त्याच पाच-बिंदू स्केलवर, आधी ‘माझे साहेब मला पाठबळ देतात’ हे भरलं आणि दोन पानांनंतर ‘मी माझ्या कामात समाधानी आहे’ हेही भरलं. सहसंबंध आला ०.५२. पण त्या दिवशी वैतागलेला माणूस दोन्हीकडे २ भरतो, खुशीत असलेला दोन्हीकडे ४. काहींना कशालाही ‘सहमत’ म्हणायची सवयच असते. शिवाय साहेब चांगले तर समाधान असणारच, हा आडाखा उत्तर देणाऱ्याच्याही डोक्यात असतो आणि तो आपली उत्तरं त्याच्याशी जुळवून घेतो.

हे सहसंबंध किती फुगवू शकतं? समज, दोन्ही स्केलच्या स्कोअरमधला २० टक्के व्हेरियन्स अशा एकाच सामाईक सवयीतून आला. मग पाठबळ आणि समाधान यांचा प्रत्यक्षात काडीचाही संबंध नसला, तरी सहसंबंध ०.२० दिसेल. तुझ्याएवढ्या नमुन्यात तो आरामात ‘सार्थ’ ठरतो आणि गृहीतक सिद्ध झालं असं आपण लिहून मोकळे होतो.

हार्मनची चाचणी हे पकडत नाही. तुझ्या प्रश्नावलीत पाच संकल्पना आहेत. त्यांची सगळी विधानं एकत्र टाकली की पहिल्या घटकाने निम्मा व्हेरियन्स गिळायला बायस प्रचंडच हवा. वर आणखी दोन संकल्पना घातल्या असत्यास तर ३८ चे ३० झाले असते आणि बायस होता तिथेच राहिला असता. ज्या चाचणीत जास्त प्रश्न विचारून पास होता येतं, तिच्यावर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

त्यापेक्षा मार्कर वापर. लिंडेल आणि व्हिटनी यांनी २००१ मध्ये मांडलेली ही युक्ती सोपी आहे: विषयाशी काही नातं नसलेलं एक स्केल त्याच धाटणीत प्रश्नावलीत घालायचं. काही जण निळा रंग किती आवडतो हे विचारतात! असं स्केल बाकीच्यांशी जेवढं जुळतं, तेवढा वाटा पद्धतीचा धरायचा. तुझ्याकडे तो ०.२० आला असता तर हिशेब असा: (०.५२ − ०.२०) ÷ (१ − ०.२०) = ०.४०. म्हणजे समाधानातला २७ टक्के व्हेरियन्स पाठबळाने समजतो म्हणण्याऐवजी तू १६ टक्के म्हणशील. नातं टिकलं, पण बरंच उतरलं.

मात्र मार्कर आधी ठरवायचा असतो. आता आकडे हाती आल्यावर सगळ्यात कमी जुळणारा चल शोधून त्याला मार्कर म्हणशील, तर ती पळवाट झाली. वय किंवा शिक्षणही चालणार नाही, कारण त्यांत स्केलवर मत देणं नसतंच, मग सवय उमटणार कुठे? आणि बायस सगळ्या स्केलवर सारखाच चढतो हे त्या सूत्रामागचं गृहीत आहे, तेवढं मान्य करूनच आकडा वाच.

खरा उपाय माहिती गोळा करतानाच होतो. कामगिरी हा परिणाम असेल तर ती साहेबांकडून किंवा नोंदींतून घे. अर्थात साहेबही लाडक्याला जास्त गुण देतात, पण निदान ती वेगळ्या माणसाची चूक असते. समाधान मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक. तिथे दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवून दुसरी प्रश्नावली द्यावी लागते, आणि जोड्या लावायला प्रत्येकाचा स्वतःच बनवलेला कोड. अंतराने त्या दिवसाचा मूड जातो. मुळातच रडका असलेला स्वभाव मात्र दोन्ही वेळा हजर असतो. म्हणून तोही मोजून नियंत्रणात घ्यावा.

उलट टोकाला जाऊन सगळा प्रबंध वाया गेला असंही समजू नकोस. मोजमापातली यादृच्छिक चूक सहसंबंध खाली ओढते, त्यामुळे तुझा ०.५२ खऱ्यापेक्षा जास्तच आहे असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही.

आणि एक गोष्ट तू उगाच शेवटच्या तक्त्यात दडवली आहेस: पाठबळाचा परिणाम नवख्यांवर जास्त आणि जुन्यांवर कमी, ही अन्योन्यक्रिया. सीम्सन, रोथ आणि ऑलिव्हेरा यांनी २०१० मध्ये गणिताने दाखवलंय की स्कोअरमध्ये सरळ मिसळलेला सामाईक बायस खोटी अन्योन्यक्रिया निर्माण करू शकत नाही. असलेली पुसट मात्र करू शकतो. म्हणजे इतक्या गढूळ आकड्यांतूनही ती दिसली, तर तुझ्या प्रबंधातला सगळ्यात भक्कम निष्कर्ष तोच. तो तक्ता प्रकरणाच्या सुरुवातीला आण, ०.५२ त्याच्यामागे जाऊ दे. सुधारलेलं प्रकरण पाठव, मी शनिवार-रविवारात वाचून टाकतो.

तुझाच,
जुना दोस्त