खो पाठीवर पडला पाहिजे: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या चौथीच्या वर्गात गेल्या वर्षी एक कर्णबधिर मुलगी होती. दोन्ही कानांना श्रवणयंत्र, पहिल्या बाकावरची जागा, महिन्यातून एक-दोनदा येणारे फिरते विशेष शिक्षक, हे सगळं होतं. हजेरीही चांगली. कागदावर पाहिलं तर समावेशित शिक्षण पूर्ण झालं होतं. ते झालेलं नाही, हे मला खेळाच्या तासाला कळलं, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे खो-खो रोजचा. ती पाटीवर बसायची, संघात तिचं नाव असायचं आणि मी निर्धास्त होते. एक दिवस सहज मोजायला लागले, कोणाला किती खो मिळतात ते. दोन डावांत शेजारच्या मुलींना पाच-पाच, सहा-सहा खो मिळाले. तिला एकही नाही. ती आठ जणांत उकिडवी बसून होती, पण चेंडू नसलेल्या क्षेत्ररक्षकासारखी. मुलांना विचारलं तर उत्तर सरळ आलं: "बाई, तिला खो दिला की फाउल होतो."

खरंच होत होता. खो-खोत शब्द आणि स्पर्श दोन्ही एकत्र लागतात. ऐकणारी मुलं शब्दावर उठतात, त्यामुळे स्पर्श नावापुरता होतो, बोटं नुसती खांद्याला लागतात. पळताना कोणाचा हात असाच घासून गेला तरी तेवढाच लागतो. तिला या दोन्हींत फरक कसा कळणार? ती कधी खो नसताना उठायची, कधी खो मिळूनही बसून राहायची. दोन-तीनदा ओरडा खाल्ल्यावर संघाने तिला खांबाजवळच्या शेवटच्या पाटीवर बसवलं. तिथे खो कमी येतात.

साहेब, खो-खोत उपाय खेळाच्या आतच आहे. आम्ही एकच नियम केला आणि तो सगळ्यांना लावला: खो म्हणजे पूर्ण तळहात, दोन खांद्यांच्या मधोमध, दाबून. 'खो' हा शब्दही म्हणायचाच, पण तळहात नीट पडला नाही तर खो धरायचा नाही, मग समोर कोणीही बसलेलं असो. नियम फक्त तिच्यासाठी केला असता तर ती पुन्हा 'सवलतीची' झाली असती. सगळ्यांना लावल्यावर तो खेळाचाच भाग झाला. उलट बाजूनेही तेच. तिच्या तोंडून 'खो' स्पष्ट येत नाही. पंचांनी तिचा तळहात पाहावा, उच्चार तपासू नये, एवढं ठरवलं.

शिट्टीचा प्रश्न राहिला. गडी बाद झाला, फाउल झाला, डाव संपला, सगळं शिट्टीवर. ती पळतच राहायची आणि पोरं हसायची. आम्ही दोन्ही खांबांशी एकेक मूल उभं केलं, हातात लाल कापड. शिट्टी वाजली की दोघांनी कापड उंच धरायचं आणि बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं. बहुतेक वेळा तिला कापडाच्या आधी इतरांचं थांबणंच दिसतं. गडी कुठल्या बाजूला वळला हे बसलेली मुलं एरवी ओरडून सांगतात, ती आता हात लांब करून दाखवतात. हे काही मी शोधलेलं नाही. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा 1924 साली पॅरिसला सुरू झाल्या. त्यांत आजही धावण्याची सुरुवात दिव्याने होते आणि फुटबॉलचे पंच झेंडा दाखवतात.

पंधरा दिवसांनी तिला चौथ्या पाटीवर, म्हणजे मधोमध आणलं. मी पुन्हा मोजलं. शेजारणींना पाच, तिला चार.

यंत्र आहे तर ऐकू येत असेल, असं अनेक अधिकाऱ्यांना वाटतं, म्हणून थोडं सांगते. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, फारसं निवडत नाही. शांत खोलीत, हाकेच्याही आत, हातभर अंतरावर ते उत्तम चालतं. मैदानावर वारा, तीस पोरांचा गलका आणि बाईंची हाक सगळं एकदमच मोठं होतं. शिवाय घामाने यंत्र बिघडतं, म्हणून कित्येक आया खेळाआधी ते काढून ठेवायला सांगतात, आणि त्यांचं चुकत नाही. शस्त्रक्रियेने कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांनाही झटापटीच्या खेळात बाहेरचा भाग काढावा लागतो आणि डोक्यावर मार लागू नये हे जपावं लागतं. म्हणजे यंत्रावर खर्च झाला तरी मैदानावर डोळ्यांना दिसणारी खूण लागणारच.

वर्गातल्या गटकामात हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. गणिताच्या तासाला आम्ही खो-खोचं मैदान मोजायला घेतलं, पाच जणांचा गट, टेप आणि वही. एक जण टेपवरचा आकडा दाखवता दाखवता बोलत होता, दुसरा मध्येच "चूक आहे" म्हणाला, तिसरी हसली. ऐकणारं मूल टेपकडे बघत ऐकतं. ती टेपकडे पाहते तेव्हा ओठ दिसत नाहीत आणि ओठांकडे पाहिलं की आकडा सुटतो. आणि मागे कोण बोललं हे मान वळवेपर्यंत बोलणं संपलेलं असतं. मग ती मान डोलावते. शिक्षकांनी या मान डोलावण्यावर कधी विश्वास ठेवू नये. "कळलं का?" असं विचारण्याऐवजी "किती मीटर आले ते लिही" म्हणावं, खरं काय ते लगेच दिसतं.

इथेही नियम सगळ्यांसाठीच केला. गोल बसायचं, ऊन बोलणाऱ्याच्या तोंडावर, पाठीवर नाही. ज्याच्या हातात खडू तो बोलणार. खडू हातात आल्यावर आधी दोन आकडे मनात मोजायचे, तेवढ्यात तिची नजर पोचते. आधी वस्तू दाखवायची, मग बोलायचं. काम सावकाश झालं, हे मान्य करते. पण गटातली दोन बुजरी मुलंही पहिल्यांदा बोलली.

याच्या मर्यादाही मला दिसतात. खेळातल्या खुणा म्हणजे भाषा नव्हे. 'थांब', 'बाद', 'माझी पाळी' एवढ्यावर मैत्री सुरू होते, पण काल घरी काय झालं हे सांगायला पुरी सांकेतिक भाषा लागते, आणि ती शाळेत कोणालाच येत नव्हती, मलाही नाही. शिवाय शाळेत ती एकटीच कर्णबधिर. आपल्यासारखं दुसरं मूल तिने वर्षभर पाहिलं नाही.

आपल्याकडे माझं मागणं मैदानापुरतंच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 मध्ये प्रवेशाबरोबरच खेळ आणि करमणुकीची समान संधी देणं हे शाळांचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तेव्हा फिरत्या विशेष शिक्षकांची भेट खेळाच्या तासाला ठेवावी. आज ते येतात, मुलाला वेगळ्या खोलीत नेतात आणि नोंद करून जातात. त्यांनी अर्धा तास मैदानात उभं राहून सगळ्या वर्गाला खेळातल्या वीसेक खुणा शिकवल्या तर तो वेळ जास्त सत्कारणी लागेल. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश तयार आहे, खुणा तिथूनच घ्याव्यात, प्रत्येक शाळेने आपापल्या रचू नयेत. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत एक सत्र भाषणाऐवजी मैदानावर व्हावं, शिक्षकांनी कानात कापूस घालून स्वतः एक डाव खेळावा. शाळेच्या दर सत्रात दोनदा त्या केंद्रातल्या शाळांची सगळी कर्णबधिर मुलं आपापल्या वर्गमित्रांसह एका मैदानावर यावीत.

आणि तालुका क्रीडा स्पर्धांच्या सूचनांत एक ओळ घालावी: संघात कर्णबधिर खेळाडू असल्यास पंचांनी शिट्टीबरोबर झेंडाही दाखवावा आणि स्पष्ट स्पर्शाचा खो ग्राह्य धरावा. गेल्या वर्षी आमच्या संघातून ती या स्पर्धेत खेळली, तेव्हा पंचांनी तिच्या अस्पष्ट उच्चारावर दोन फाउल दिले आणि मी नियमपुस्तक हातात घेऊनही काही करू शकले नाही. ती आता पाचवीत आहे. यंदाच्या स्पर्धांची पत्रकं निघण्याआधी ही ओळ आली तर ती पुन्हा चौथ्या पाटीवर बसेल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका