मांजराचा ‘किरकोळ’ ओरखडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली कुत्रा-मांजर चावल्यावर काय करावं ही चौकट वाचली. ‘जखम किरकोळ असल्यास घाबरू नये. प्राणी पाळीव व लस टोचलेला असल्यास इंजेक्शनची गरज नाही.’ झालं, दोन ओळींत रेबीज आटोपला! त्याच पानावर एका नटीच्या नव्या घराला पाऊण पान दिलंय, त्याबद्दल मी बोलत नाही.

किरकोळ कशाला म्हणायचं, ते तुमच्या वार्ताहरानं लिहिलेलं नाही. आमच्याही घरात कोणाला ठाऊक नव्हतं. गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली व्यायलेल्या मांजरीच्या पिलाला हात लावायला माझी सहा वर्षांची नात गेली आणि मांजरीनं तिचं बोट धरलं. मनगटावर दोन लाल रेघा आणि बोटाच्या पेरावर टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका. मी शहाणीनं त्यावर हळद दाबली. जवळच्या दवाखान्यात ‘मांजरच आहे हो, ओरखडा आहे’ म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी हळद धुवायला लावली. साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग भिंग धरून तो ठिपका पाहिला आणि विचारलं, ‘रक्त आलं होतं का?’ सुनेच्या रुमालावर मोहरीएवढा डाग होता. त्या एका डागानं सगळं फिरलं.

अखंड कातडीला प्राण्यानं नुसतं चाटलं तर पहिली श्रेणी, त्यात काही टोचायचं नाही. रक्त न येता खरचटलं तर दुसरी, त्यात लस. दात कातडीतून आत गेला, रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाच्या आत लाळ लागली तर तिसरी, त्यात लस आणि सिरम दोन्ही. मनगटाच्या रेघा दुसऱ्या श्रेणीतल्या होत्या, बोटाचा ठिपका तिसऱ्या. अशा वेळी मोठ्या श्रेणीप्रमाणे उपचार करतात. म्हणजे लांबलचक दिसणाऱ्या रेघा किरकोळ आणि दिसतही नव्हता तो ठिपका गंभीर! मांजराचे दात सुईसारखे. भोक खोल जातं आणि वरून लगेच मिटतं.

लस दिली तर सिरम कशाला, असं मीही विचारलं. लसीनं शरीर स्वतःची प्रतिद्रव्यं तयार करतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. बोटाच्या टोकाशी नसांची दाटी असते, विषाणू तेवढा वेळ थांबेलच असं नाही. सिरममध्ये तयार प्रतिद्रव्यं असतात, ती थेट जखमेत भरतात. पोर अठरा किलोची, किलोला ४० युनिट म्हणजे ७२० युनिट, मिलीला ३०० युनिटच्या बाटलीतून जास्तीत जास्त २.४ मिली. पण सहा वर्षांच्या बोटात तेवढं मावतंय कुठे? हळूहळू सोडत जेवढं मावलं तेवढंच दिलं. तिचं रडणं अजून माझ्या कानात आहे. पहिल्या लसीनंतर सात दिवसांच्या आतच सिरम देतात. आम्ही ‘ओरखडा’ समजून घरी बसलो असतो तर?

आता प्राण्याचं. कुत्रा-मांजराच्या लाळेत विषाणू असेल तर ते जनावर सहसा दहा दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं. म्हणून त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. पण ती वाट लस सुरू करून बघायची, लस लांबवून नव्हे. आणि हे दहा दिवस कुत्र्या-मांजरांपुरतेच, माकडाला किंवा कोल्ह्याला लावू नयेत. घरच्या कुत्र्याच्या कार्डावर लसीची नोंद असली तरी ती कधी टोचली, अंगी लागली का, याची खात्री कोण देणार? म्हणून आपल्याकडे डॉक्टर तरीही इंजेक्शनं सुरूच करतात. आमची मांजर जिन्याखाली दहाव्या दिवशीही धडधाकट होती, मी रोज दूध ठेवून बघत होते. तोवर शून्य, तीन आणि सात दिवसांचे डोस झाले होते. अठ्ठाविसाव्या दिवसाचाही डॉक्टरबाईंनी घ्यायला लावला. दंडात, कातडीत, दर वेळी दोन ठिकाणी एवढंएवढंसं. पोटात चौदा नव्हेत, हेही लोकांना सांगा.

चौकट चुकली तेवढ्याच आकारात दुरुस्ती छापावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपली,
एक आजी

ता.क. : रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर दोन आठवडे छापलेलं नाही.