आठवणींचं रेकॉर्डिंग वेगवेगळंच करूया

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

जुन्या अल्बमवरून तुमच्या आठवणी रेकॉर्ड करायला चिनूला पाठवते आहे. ती तुम्हा दोघांशी वेगवेगळं बोलणार, हे मी ठरवून टाकलंय. बाबा, रागावू नका. आई बोलायला लागली की तुम्ही मायेनेच साल दुरुस्त करता, आणि मग ती "यांनाच विचार" म्हणून गप्प बसते. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही राहू देत. खरं कोण, ते ठरवायचं नाहीये.

एका बैठकीत पाऊण तासच बोलायचं. आई, तुझी नेहमीची खुर्ची, पाठीला उशी, हाताशी पाणी. मध्ये उठावंसं वाटलं तर खुशाल ऊठ. पंखा मात्र तेवढा वेळ बंद लागेल, त्याची घरघर आवाजावर बसते आणि नंतर पुरती निघत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, तुझ्यापासून दोन वितींवर. टॉवेल नसला तर टेबलावर ठेवलेल्या हाताचीही धडधड ऐकू येते. चिनू आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐकेल, तेवढं थांब.

खरी गोम फोटोंत आहे. "ही बघ, आणि ही तिच्या शेजारची" हे समोर बसलेल्याला कळतं, नुसतं ऐकणाऱ्याला नाही. म्हणून चिनू प्रत्येक फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, न दाबता आकडा घालेल. (बाबा, बॉलपेन नको. त्याचा वळ पुढून उमटतो.) मग बोलताना असं म्हणायचं: "फोटो सात, मागची रांग, डावीकडून तिसरी, माई." डावी म्हणजे बघणाऱ्याची डावी, हे सुरुवातीलाच एकदा बोलून ठेवा.

साल आठवत नसेल तर ओढून आणू नका. आत्याच्या लग्नाचा तो फोटो घ्या. ताई मांडीवर आहे पण मान धरते आहे, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांची. तिची जन्मतारीख आपल्याला ठाऊक आहे, त्यात तेवढे महिने मिळवले की लग्न कधीचं ते आपोआप निघतं. आई, तुला तारखा आठवत नाहीत म्हणतेस, पण कोण रांगत होतं आणि कोण शाळेत जायला रडत होतं, हे तुझ्याइतकं कुणाला सांगता येणार? मी किती रडायचे तेही सांग, चालेल.

वाटणीचा विषय निघाला आणि नको वाटलं तर "हे बंद ठेव" एवढंच म्हण. चिनू तो भाग वेगळा काढेल, काकांकडे जाणार नाही.

प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी फाइलची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लावा, आणि कितव्या मिनिटाला कुठला फोटो आला ते चिनूकडून वहीत उतरवून घ्या. सगळं शब्दन् शब्द लिहायला बसू नका, तासभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात. बाबा, डोळ्यांचे थेंब चुकवू नका. आणि अल्बममधले चिकटलेले फोटो नखाने सोडवायचे नाहीत, फाटतात. ते पानासकटच दाखवा, आकडा पानाच्या कडेला घाला.

तुमची,
छोटी